भाव किती वेळा हलला?

शेअरच्या चार्टखाली उभ्या राहणाऱ्या खांबांची आपल्याला सवय झालेली असते. त्या दिवशी किती शेअर हातोहात गेले, तेवढा खांब उंच. एनएसईवर झालेला प्रत्येक सौदा एकाच ठिकाणी नोंदला जातो, त्यामुळे त्या खांबावर शंका घ्यायचं कारण नसतं. हाच माणूस पुढे कधीतरी युरो-डॉलरचा चार्ट उघडतो. तिथंही मेणबत्त्या तशाच आणि खाली खांबही तसेच, हिरवे-लाल. त्यावर ‘व्हॉल्यूम’ असंच लिहिलेलं असतं. साहजिकच तो समजतो की खांब उंच म्हणजे त्या तासाला युरोची खरेदी-विक्री जोरात झाली.

पण परकीय चलनाच्या रोखीच्या बाजाराला एनएसईसारखं एक घर नाही. लंडनमधली बँक सिंगापूरमधल्या बँकेशी थेट सौदा करते, एखादा फंड न्यूयॉर्कच्या बँकेकडून डॉलर घेतो, काही सौदे ईबीएससारख्या बँकांच्या आपसातल्या यंत्रणेवर होतात, तर काही बँकेच्या स्वतःच्या वहीतच एका ग्राहकाची विक्री दुसऱ्याच्या खरेदीला जोडून मिटवले जातात. हे सगळं मिळून या मिनिटाला एकूण किती युरो बदलले, हे सांगणारी नोंदवही जगात कुठेही नाही. मग ब्रोकर खांब काढतो तो कशाचा? त्याच्याकडे मोजण्यासारखी एकच गोष्ट असते. त्याच्या सर्व्हरवरचा भाव किती वेळा बदलला, ती संख्या. भावातल्या अशा प्रत्येक बदलाला टिक म्हणतात आणि त्या टिकांची बेरीज म्हणजे टिक व्हॉल्यूम.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीवर बोली लागते. टिक व्हॉल्यूम मोजतो ते बोली किती वेळा बदलली हे. ट्रॉलीत किती क्विंटल होते, हे त्याला ठाऊक नसतं. इतकंच काय, ट्रॉली विकली गेली की शेतकऱ्याने परत नेली, हेही नाही.

हे जरा जवळून पाहू. समजा युरो-डॉलरच्या पडद्यावर एका मिनिटाच्या सुरुवातीला पुढच्या पाच ओळी येतात. आकडे नमुन्यादाखल आहेत. डावीकडे वेळ, मग बिड म्हणजे ज्या भावाला आपल्याला विकता येईल तो आणि शेवटी आस्क म्हणजे ज्या भावाला घेता येईल तो.

```
18:00:01.210   1.08412   1.08414
18:00:01.640   1.08413   1.08414
18:00:01.655   1.08412   1.08414
18:00:02.905   1.08412   1.08415
18:00:03.310   1.08409   1.08411
```

पाच ओळी, म्हणजे पाच टिक. आता दुसरी आणि तिसरी ओळ बघा. कुणा बँकेच्या संगणकाने बिड एका दशांशाने वर नेली आणि पंधरा मिलिसेकंदांत परत खाली आणली. खांबात दोन टिकांची भर पडली आणि सौदा बहुधा एकही झाला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत मात्र सव्वा सेकंदाचं अंतर आहे. तेवढ्या वेळात कुणी १.०८४१४ या भावाला पाच कोटी युरो उचलले असतील, विकणाऱ्या बँकेने त्याच भावाला पुन्हा पुन्हा माल पुढे केला असेल आणि तो माल संपल्यावरच आस्क वर सरकली असेल. खांबात त्याची नोंद एका टिकेपुरती. तीही ब्रोकरची यंत्रणा नुसती आस्क बदलली तरी टिक मोजत असेल तर. फक्त बिड बदलल्यावरच मोजत असेल तर ती एक टिकही नाही.

वरच्या पाचपैकी एकाही ओळीत रक्कम नाही. घेणारा कोण, विकणारा कोण, तेही नाही. म्हणून टिक व्हॉल्यूमच्या खांबाचा हिरवा-लाल रंगही खरेदी-विक्री दाखवत नाही. मेटाट्रेडरच्या नेहमीच्या व्हॉल्यूम इंडिकेटरमध्ये हिरवा म्हणजे आधीच्या खांबापेक्षा उंच आणि लाल म्हणजे बुटका, एवढाच त्याचा अर्थ. शेअरच्या चार्टवरून आलेली माणसं इथे हमखास फसतात. लाल खांब दिसला की ‘विक्रीचा जोर’ असं म्हणून मोकळी होतात.

मेटाट्रेडर ५ या बाबतीत प्रामाणिक आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्यात दर मेणबत्तीमागे दोन वेगळे रकाने ठेवलेले असतात, `tick_volume` आणि `real_volume`. पहिल्यात टिकांची संख्या आणि दुसऱ्यात एक्स्चेंजवरून आलेली खरी उलाढाल. नुकत्याच संपलेल्या तासाचे दोन्ही आकडे बघायचे तर पुढच्या तीन ओळी पुरतात.

```
MqlRates r[];
CopyRates(_Symbol, PERIOD_H1, 1, 1, r);
Print(r[0].tick_volume, "  ", r[0].real_volume);
```

रोखीच्या चलन-जोडीवर हे चालवलं की पहिला आकडा हजारांत येतो आणि दुसरा सहसा शून्य. ते शून्य म्हणजे ‘उलाढाल झाली नाही’ असं नव्हे, ‘माहीत नाही’ असं आहे. मेटाट्रेडर ४ मध्ये एकच रकाना होता, त्याचं नाव नुसतं ‘व्हॉल्यूम’, आणि गैरसमजाचा बराचसा वाटा त्या नावाकडे जातो. याच खुणेची दुसरी बाजू अशी की तुम्ही स्वतः एक लॉट घ्या, म्हणजे एक लाख युरो, किंवा पन्नास लॉट घ्या. ब्रोकरने दाखवलेला भाव त्यामुळे हलला नाही तर खांबावर तुमच्या सौद्याची रेघही उमटत नाही.

एकाच तासाला, एकाच जोडीसाठी, एका ब्रोकरकडे चार हजार टिका आणि दुसऱ्याकडे अकरा हजार दिसल्या तर दोघांपैकी कुणी खोटं बोलतंय असं समजू नये. एकाला चार बँकांकडून भाव येत असतील, दुसऱ्याला पंधरा. एक जण मिलिसेकंदाच्या फरकाने आलेले भाव गाळून एकच पुढे पाठवत असेल. एक चौथ्या दशांशापर्यंत भाव दाखवत असेल आणि दुसरा पाचव्यापर्यंत. पाचवा दशांश आला की पूर्वी जो भाव ‘तोच’ दिसायचा तो आता दहा पायऱ्यांवर हलताना दिसतो आणि टिका आपोआप वाढतात. बाजारात मात्र एक युरोही जास्त फिरलेला नसतो.

जुन्या चार्टमध्ये हे ओळखता येतं. समजा एका जोडीचे खांब एका ठरावीक दिवसापासून अचानक दुप्पट उंच झाले आणि मग तसेच राहिले. लोक म्हणतात, ‘मोठे खेळाडू आले.’ त्याच ब्रोकरकडच्या बाकीच्या जोड्या उघडून पाहायच्या. न्यूझीलंड डॉलरपासून येनपर्यंत सगळीकडे तीच पायरी त्याच दिवशी दिसत असेल, तर ब्रोकरने भाव पुरवणाऱ्या बँका बदलल्यात, सर्व्हर बदललाय किंवा दशांश वाढवलाय, हे जवळजवळ नक्की. खऱ्या बाजारातला बदल इतका शिस्तीत सगळ्या जोड्यांवर एकाच दिवशी उतरत नाही आणि एकाच पातळीवर चिकटून राहतही नाही.

टिका आणि उलाढाल यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते हे पाहायचं तर स्विस फ्रँककडे जायला हवं. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला जाणार नाही आणि त्यासाठी लागतील तितके युरो, अमर्याद, बँक विकत घेईल. युरोपात तेव्हा कर्जसंकट पेटलेलं होतं. ग्रीस युरोत राहतो की बाहेर पडतो, याची कुणाला खात्री नव्हती आणि घाबरलेला पैसा स्वित्झर्लंडकडे धावत होता. २०१२ चा उन्हाळा हा त्याचा कळस. ग्रीसमध्ये मे आणि जून अशा दोन निवडणुका झाल्या आणि युरो विकून फ्रँक घेणाऱ्यांची रीघ लागली.

त्या काळातला युरो-फ्रँकचा चार्ट काढून पाहा. मे ते ऑगस्ट रेघ जवळजवळ आडवी, १.२० च्या किंचित वर चिकटलेली. एरवी महिन्याभरात शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा भाव आठवडेच्या आठवडे मोजक्या पायऱ्यांत अडकून पडला होता. आणि भाव हलला नाही की टिका पडत नाहीत, हा तर या मोजणीचा पायाच. कुणी या चार्टखालचे बुटके खांब बघून ‘बाजार थंड आहे, रस नाही’ असा निष्कर्ष काढला असता तर शेअरबाजारातल्या अनुभवानुसार तो बरोबरच वाटला असता.

प्रत्यक्षात २०१२ या एका वर्षात स्विस नॅशनल बँकेने १८,८०० कोटी फ्रँकचं परकीय चलन विकत घेतलं आणि त्यातला मोठा भाग याच उन्हाळ्यातला. कुणी युरो विकायला आला की १.२० च्या जरा वर बँकेची खरेदी उभीच. पाच कोटी विकले तरी भाव तोच, पन्नास कोटी विकले तरी भाव तोच. उलाढाल भिंतीवर येऊन जिरत होती. उलाढाल इतकी प्रचंड होती म्हणूनच भाव हलत नव्हता, आणि भाव हलत नव्हता म्हणून टिक व्हॉल्यूमला काही दिसत नव्हतं. भिंतीसमोर ते आंधळं होतं, असं मी म्हणेन. चार्ट वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त हवी असते ती नेमकी हीच माहिती. कुठल्या भावावर कुणीतरी मोठा माणूस सगळा माल पचवतोय? टिक व्हॉल्यूममध्ये ती मिळत नाही.

त्याच जोडीने उलटी बाजूही दाखवली. १५ जानेवारी २०१५, गुरुवार, झुरिकमध्ये सकाळचे साडेदहा, आपल्याकडे दुपारचे तीन. बँकेने कसलीही चाहूल न देता १.२० ची हमी काढून घेतली. काही मिनिटांत एक युरो एका फ्रँकपेक्षाही स्वस्त झाला. भिंत गेली तेव्हा खाली दुसरा घेणारा उभाच नव्हता. बँकांच्या संगणकांनी आपले भाव काढून घेतले. ईबीएसच्या नोंदींवर नंतर झालेल्या अभ्यासात त्या घटकेला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी तरलता आणखी आटवली, असंच आढळलं. अशा वेळी भाव मोठमोठ्या उड्या मारतो, पण प्रत्येक उडीला मागे असलेला माल अगदी थोडा असतो. काही ब्रोकरांच्या पडद्यावर भावांचा भडिमार होता आणि काहींच्या पडद्यावर भाव गोठून बसले होते. म्हणजे एकाच क्षणी एकाकडे गगनाला भिडलेला खांब आणि दुसऱ्याकडे ठेंगणा, आणि दोन्हींचा खऱ्या उलाढालीशी संबंध सारखाच सैल. स्टॉप लॉस लावून निर्धास्त असलेल्यांचे सौदे ठरवलेल्या भावाच्या कितीतरी खाली सुटले. ब्रिटनमधली अल्पारी यूके दिवाळखोर झाली. अमेरिकेतल्या एफएक्ससीएमच्या ग्राहकांची खाती मिळून २२.५ कोटी डॉलरने उणे झाली.

अशी टोकाची उदाहरणं बाजूला ठेवली तर टिक व्हॉल्यूम निरुपयोगी आहे का? तसंही नाही. साध्यासुध्या दिवशी टिका आणि खरी उलाढाल बऱ्यापैकी बरोबर चालतात. कारण सरळ आहे. जास्त सौदे होतात तेव्हा भाव देणाऱ्यांचा माल संपतो, ते भाव सरकवतात, आणि टिका वाढतात. आपल्या घड्याळाने पहाटे, न्यूयॉर्कचा दिवस मिटताना, खांब आक्रसतात. टोकियो उघडलं की येनच्या जोड्या जाग्या होतात. दुपारी लंडन आलं की सगळंच वर जातं आणि संध्याकाळी लंडन व न्यूयॉर्क दोन्ही सुरू असतात त्या तीन-चार तासांत दिवसाचे सर्वांत उंच खांब दिसतात. बाजाराला केव्हा जाग असते, हे टिका नीट सांगतात. एकच ब्रोकर, एकच जोडी, आणि आजचा सहाचा तास गेल्या काही आठवड्यांतल्या सहाच्या तासाशी ताडून पाहायचा, एवढ्या चौकटीत ठेवलं तर हा आकडा उपयोगी पडतो.

या चौकटीतही एक वेळ जपून वाचायची. अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतात, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहा आणि हिवाळ्यात सात. आकडा येण्याच्या काही सेकंद आधी बँका हात आखडता घेतात. बातमी आली की प्रत्येक संगणक नवा भाव शोधायला लागतो आणि पहिल्या काही सेकंदांतल्या टिकांचा पाऊस मुख्यतः भाव लावण्या-काढण्याचा असतो. मोठ्या रकमांचे सौदे थोडे मागाहून, भाव जरा स्थिरावल्यावर होतात. म्हणजे सर्वांत उंच टिक-खांब आणि सर्वांत जास्त उलाढालीचा मिनिट एकच असेल, असं धरून चालता येत नाही. शिवाय त्या वेळी बिड आणि आस्क यांच्यातली दरी नेहमीपेक्षा रुंद असेल तर समजावं की भाव धावताहेत पण माल पातळ आहे. दरी अरुंद आणि टिका जास्त असतील तर खऱ्या व्यवहाराची शक्यता जास्त. मेटाट्रेडर ५ मध्ये दर मेणबत्तीमागे `spread` नावाचा रकानाही असतो. तो टिकांच्या शेजारी ठेवून वाचायची सवय फारच थोड्यांना असते.

खऱ्या उलाढालीचा अंदाज घ्यायचा तर काय आहे? बासेलमधली बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स दर तीन वर्षांनी एप्रिल महिन्यात जगभरच्या बँकांकडून आकडे गोळा करते. २०२२ च्या पाहणीत ५२ देश-प्रदेशांतल्या बाराशेहून जास्त बँका आणि डीलर होते. तेव्हा दिवसाची सरासरी उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर निघाली. २०२५ मध्ये ती सुमारे ९.६ लाख कोटींवर गेली. पण २०२२ च्या त्या साडेसात लाख कोटींतला रोखीचा, म्हणजे आपल्या चार्टवर भाव दिसतो तो भाग, सुमारे २.१ लाख कोटींचा. त्याहून मोठा, ३.८ लाख कोटींचा भाग स्वॅपचा होता. स्वॅपमध्ये आज डॉलर घेऊन ठरलेल्या दिवशी परत करायचे असतात. त्याने रोखीचा भाव हलण्याचं फारसं कारण नसतं. ‘फॉरेक्स म्हणजे जगातला सर्वांत मोठा बाजार, रोजची उलाढाल अमुक लाख कोटी’ हे वाक्य ज्या जाहिरातीत येतं, त्याच जाहिरातीत खाली टिकांचे खांब दाखवलेले असतात. त्या आकड्याचा आणि त्या खांबांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

रोजच्या रोज खरा आकडा हवा असेल तर शिकागोच्या सीएमईवरच्या वायद्यांचा आहे. तिथल्या युरो वायद्याचा एक करार १,२५,००० युरोंचा. किती करार झाले हे एक्स्चेंज सांगतं आणि ती संख्या नुसत्या भावबदलांची नसून झालेल्या सौद्यांची असते. टिक व्हॉल्यूमवर काही ठरवायचं असेल तर त्याच तासाचे वायद्याचे खांब शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही एकत्र उंचावले तर गोष्ट वेगळी, आणि टिका उंच पण वायदे सुस्त, तर ब्रोकरच्या भावांची नुसती फडफड चालू आहे अशी शंका घ्यावी. टिकांवर चालवलेलं व्हीडब्ल्यूएपी किंवा ओबीव्हीसुद्धा या कसोटीवर घासून पाहण्यासारखं आहे. व्हीडब्ल्यूएपीचा सगळा अर्थच ‘जिथे जास्त रक्कम फिरली त्या भावाला जास्त वजन’ असा असतो. रकमेच्या जागी टिका घातल्या की जिथे भाव जास्त फडफडला त्याला जास्त वजन मिळतं. पडद्यावरची रेघ दिसायला तशीच दिसते, म्हणून हे लक्षात येत नाही.

आपल्या वाचकांपैकी कुणी परदेशी ब्रोकरच्या अ‍ॅपवर युरो-डॉलर खेळत असेल तर टिकांच्या आधीचा एक मुद्दा आहे. भारतात राहणाऱ्याला फेमा कायद्यानुसार चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्ती, मान्यताप्राप्त एक्स्चेंज किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचावरच, आणि मान्य कारणांसाठीच, करता येतात. बाकीच्या मंचांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये काढली, तेव्हा त्यात ३४ नावं होती. पुढे ती वाढतच गेली.

डॉलर-रुपयाचा खरा व्हॉल्यूम आपल्याकडेच, एनएसईवर, २९ ऑगस्ट २००८ पासून उपलब्ध आहे, हजार डॉलरच्या करारांत. पण खऱ्या आकड्यालाही त्याच्या घराची हद्द असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं की हे करार करणाऱ्याकडे खरोखरची चलन-जोखीम असायला हवी, आणि ३ मे २०२४ पासून तो नियम लागू झाला. त्याच्या आसपास एनएसईवरचे डॉलर-रुपयाचे खांब कोसळले. रुपया बदलून घेणारे आयातदार, निर्यातदार आणि बँका यांचं काम मात्र थांबलेलं नव्हतं. ते आधीही बहुतांशी बँकांच्या आपसातल्या बाजारात चालायचं आणि नंतरही तिथेच चालू राहिलं, एनएसईच्या चार्टवर न दिसता.